पुस्तकाच्या मापाचं कपाट

घरात पुस्तकांसाठी कपाट करायचं ठरलं की सुतार पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, डेप्थ किती ठेवू?" आपण क्षणभर गप्प बसतो. मग तोच सांगतो, "पंधरा-सोळा इंच ठेवू, सगळं मावतं." आपण मान डोलावतो आणि कपाटाचं भवितव्य तिथेच ठरून जातं.

पंधरा-सोळा इंच हे माप सुताराने हवेतून काढलेलं नसतं. दिवाणखान्यातलं शोकेस, टीव्हीचं युनिट, डिनरसेट ठेवायचं कपाट या सगळ्यांना ते बरोबर बसतं. पण पुस्तक ही वस्तू त्या मानाने फारच कमी खोल असते. आपल्याकडची बहुतेक मराठी कादंबरी, कथासंग्रह, आत्मचरित्र साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. म्हणजे सोळा इंच खोल फळीवर ते उभं केलं, तर साडेदहा इंच फळी मोकळी राहते. ही मोकळी जागा घरात फार काळ मोकळी राहत नाही. पुस्तकं मागे सरकलेली असतील, तर पुढच्या पट्टीवर चष्म्याचं घर, औषधाच्या बाटल्या, विजेची बिलं आणि कुठून तरी आलेली स्मृतिचिन्हं येऊन बसतात. पुस्तकं पुढे असतील, तर मागे दुसरी रांग लागते. मागच्या रांगेतलं पुस्तक आपल्याकडे आहे हे आपण वर्षभरात विसरतो आणि ग्रंथप्रदर्शनातून तेच पुन्हा विकत आणतो.

कपाटाची मापं म्हणूनच भिंतीवरून किंवा शोकेसवरून न घेता पुस्तकांवरून घ्यावीत. त्यासाठी पुस्तकांचे आकार कसे ठरतात ते आधी थोडं समजून घेतलं पाहिजे. ते दिसतात तितके मनमानी नसतात.

पुस्तक छापलं जातं मोठ्या कागदावर. तो कागद घडी घालून, शिवून किंवा चिकटवून, तीन बाजूंनी कापून त्याचं पुस्तक होतं. पुस्तकाचा आकार त्यामुळे मूळ कागदाच्या मापातून आणि त्याच्या किती घड्या घातल्या यातून येतो. आपल्याकडे छापखान्यांबरोबर इंग्रजी कागदाची मापं आली आणि ती अजून टिकून आहेत. डेमी कागद १८ बाय २३ इंचांचा. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. हा झाला एक फॉर्मा. त्यातलं प्रत्येक पान पावणेसहा बाय नऊ इंचांचं असतं. कडा कापून सारख्या केल्या की उरतं साडेपाच बाय साडेआठ. छापखान्यातले लोक याला 'डेमी एक अष्टमांश' म्हणतात, आणि मराठी ललित साहित्याचा मोठा हिस्सा याच मापात निघतो. प्रत्यक्षात छपाई बहुधा दुप्पट मोठ्या, २३ बाय ३६ इंचांच्या कागदावर होते. पुस्तकाच्या मापात त्याने फरक पडत नाही.

दुसरा कागद क्राउन. डबल क्राउनचा कागद २० बाय ३० इंचांचा. त्याची सोळा पानं केली, तर कापणीनंतर साधारण पावणेपाच बाय सव्वासात इंचांचं छोटं पुस्तक मिळतं. जुन्या कादंबऱ्या, कवितासंग्रह, एकांकिका या मापात पुष्कळ सापडतील. त्याच कागदाची आठच पानं केली, तर सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं रुंद, ऐसपैस पुस्तक होतं. पुष्कळ दिवाळी अंक, मुलांची चित्रांची पुस्तकं आणि काही पाठ्यपुस्तकं या मापाची असतात. दोन्हींमध्ये एक मधलं माप आहे ते रॉयलचं. उंची सव्वानऊ ते साडेनऊ, रुंदी सहाच्या आसपास. जाडजूड इतिहासग्रंथ, गौरवग्रंथ, समग्र वाङ्मयाचे खंड या वळणाने जातात.

याशिवाय घरात ए-फोर आकाराची पुस्तकं आणि अंक येतातच. ते माप २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वाआठ बाय पावणेबारा इंच. इंग्रजी पेपरबॅक पुस्तकं यापेक्षा लहान असतात. विमानतळावर मिळणारी छोटी कादंबरी ११ बाय १८ सेंटिमीटरच्या आसपास, तर जरा बरी छापलेली सुमारे १३ बाय २० सेंटिमीटरची. कपाटाच्या दृष्टीने ही सगळी डेमीच्या पोटात जातात, त्यामुळे त्यांची वेगळी काळजी करू नये.

पुठ्ठा बांधणीचं पुस्तक मात्र आतल्या पानांपेक्षा मोठं असतं. पुठ्ठा तीन बाजूंनी साधारण तीन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो, म्हणजे उंचीत पाव इंचाची भर पडते. साडेआठचं डेमी पुस्तक पुठ्ठ्यासह पावणेनऊ इंच होतं आणि साडेनऊचं पावणेदहा. हा पाव इंच विसरून केलेल्या कप्प्यात कागदी बांधणीची पुस्तकं सुखाने बसतात आणि पुठ्ठ्याची अडतात.

आता खोलीचा विचार करू. पुस्तकाच्या रुंदीत वर एक ते दीड इंच मिळवला की पुरेशी खोली मिळते. हा जास्तीचा इंच मागे हवा खेळायला लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात आणि कपाटाच्या पाठीला टेकलेल्या पुस्तकांवर आधी वास, मग बुरशी येते. म्हणून पुस्तकं फळीच्या पुढच्या कडेशी सारखी लावावीत आणि मोकळी जागा मागे सोडावी. कोकणात किंवा मुंबईत कपाट बाहेरच्या भिंतीला असेल, तर कपाट आणि भिंत यांच्यातही बोटभर अंतर ठेवणं शहाणपणाचं.

या हिशेबाने नुसत्या डेमी पुस्तकांना सात इंच खोली पुरते. दिवाळी अंकांना साडेआठ लागते. ए-फोरची रुंदी सव्वाआठ, तर त्याला साडेनऊ. बहुतेक घरांत या तिन्हींची सरमिसळ असते, म्हणून माझं मत साडेनऊ इंचांच्या बाजूने आहे. त्याला पुस्तकांपलीकडचं आणखी एक कारण आहे, आणि ते प्लायवूडच्या दुकानात कळतं.

प्लायचा पूर्ण ताव आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो. चार फुटांच्या रुंदीतून लांब पट्ट्या काढायच्या असतात. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर लाकूड खातं. तेवढं वजा करून पाच समान पट्ट्या काढल्या, तर प्रत्येक पट्टी २४१ मिलिमीटरची पडते. हे झाले बरोबर साडेनऊ इंच. सुताराला "दहा इंच" सांगितलंत, तर पाचवी पट्टी निघत नाही. चारच निघतात आणि सात-साडेसात इंचांचा तुकडा वाया जातो. बारा इंच सांगितलंत तरी चारच. पंधरा-सोळा सांगितलंत, तर तीन. ज्यांच्याकडे फक्त कथा-कादंबऱ्या आणि कविता आहेत, त्यांनी एका तावाच्या सहा पट्ट्या कराव्यात. त्या जेमतेम आठ इंचांच्या पडतात आणि डेमीला भरपूर होतात. अर्धा इंच इकडेतिकडे म्हणून सोडून देऊ नये, कारण त्याची किंमत दर तावामागे एक पट्टी असते.

काचेची दारं लावणार असाल तर एक खुलासा. कपाटाच्या बाहेरून बिजागरीवर बसणारं दार आतली खोली खात नाही. सरकत्या काचा मात्र चौकटीच्या आत खाचेत बसतात आणि दीड-दोन इंच घेतात. साडेनऊच्या कपाटात सरकत्या काचा घातल्या, तर ए-फोर अंक काचेला भिडतो. तिथे साडेअकरा इंचच घ्यावे लागतात. नागपूर-सोलापूरकडच्या कोरड्या धुळीत काच उपयोगी आहे. दमट किनारपट्टीवर घट्ट बंद कपाट मला पसंत नाही. तिथे उघडं कपाट आणि आठवड्याला एक फडकं हा व्यवहार जास्त बरा चालतो.

खोली सगळ्या कपाटाला एकच ठेवता येते, कप्प्यांच्या उंचीचं तसं नाही. सुतार सर्वसाधारणपणे एकूण उंचीला पाचाने भागतो आणि सारखे कप्पे करतो. दिसायला ते छान असतं. पण पंधरा इंच उंच कप्प्यात पावणेनऊ इंचांचं पुस्तक ठेवल्यावर वर सहा इंच हवा राहते, आणि त्या हवेत लवकरच आडवी पुस्तकं जमतात. मग खालचं पुस्तक काढायला आधी वरची चार उतरवावी लागतात.

कप्प्याची उंची ठरवायचा नियम सोपा आहे. त्या कप्प्यातलं सर्वांत उंच पुस्तक, अधिक एक इंच. हा इंच बोटासाठी असतो. पुस्तक काढताना बोट वरून आत घालून ते मागच्या बाजूने पुढे ओढायचं असतं, किंवा दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा मागे ढकलून मधलं धरायचं असतं. जागाच नसेल, तर माणूस कण्याच्या वरच्या टोकाला नख लावून ओढतो. कापडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांचं कण्याचं टोक उसवलेलं असतं, ते बऱ्याचदा याच ओढाताणीने. तुमच्या पुस्तकांची वरची टोकं फाटलेली दिसत असतील, तर कप्पे बुटके आहेत असं समजावं.

मात्र "सर्वांत उंच पुस्तक" हे शब्द अख्ख्या संग्रहाला लावले की घोटाळा होतो. कोणाकडेही एखादा नकाशासंग्रह, एखादं मोठं चित्रांचं पुस्तक, लग्नाचा अल्बम असतोच. त्या चार वस्तूंसाठी सगळे कप्पे चौदा इंचांचे करणं म्हणजे चारजणांसाठी अख्खी बस आरक्षित करण्यासारखं आहे. म्हणून आधी पुस्तकांची उंचीप्रमाणे वाटणी करावी आणि प्रत्येक गटाला लागणारी फळीची लांबी मोजावी.

ही मोजणी एका सकाळी होते. जमिनीवर पुस्तकं तीन ओळींत उभी करायची. नऊ इंचांपर्यंतची एका ओळीत, नऊ ते दहाची दुसऱ्या, त्याहून उंच तिसऱ्या. पुस्तकं मोजत बसायचं नाही. प्रत्येक ओळीवर टेप धरायचा आणि किती फूट भरते ते लिहायचं. पुस्तकांच्या संख्येवरून जागेचा अंदाज फसतो, कारण शंभर पानांचा कवितासंग्रह आणि आठशे पानांचं चरित्र दोन्ही एकच गणले जातात. लांबीचा आकडा खरं बोलतो.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू. समजा, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि पॅसेजमध्ये सहा फूट रुंद भिंत मोकळी आहे. कपाट सात फूट उंच करायचं आहे. मोजणी अशी आली: नऊ इंचांपर्यंतची पुस्तकं २२ फूट, दिवाळी अंक आणि रॉयल खंड मिळून ४ फूट, ए-फोर आणि त्याहून मोठी ३ फूट. एकूण २९ फूट.

रुंदी आधी लावू. सहा फूट म्हणजे ७२ इंच. दोन बाजूंच्या आणि मधल्या दोन, अशा चार उभ्या फळ्या, प्रत्येकी पाऊण इंच जाडीच्या. त्यांचे तीन इंच गेले, उरले ६९. म्हणजे तेवीस-तेवीस इंचांचे तीन खण. तीनच खण का, दोन का नाहीत, हे पुढे फळी वाकण्याच्या संदर्भात येईल.

आता उंची. सात फूट म्हणजे ८४ इंच. खाली चार इंचांचा पाया हवाच, कारण रोज लादी पुसली जाते आणि ओलं फडकं खालच्या कडेला लागतं. पायाशिवाय ठेवलेल्या कपाटाची खालची फळी पाणी पिऊन फुगते, आणि वाळवीलाही तोच रस्ता सोयीचा पडतो. उरले ८० इंच. सात कप्प्यांना आठ आडव्या फळ्या लागतात, त्यांची जाडी सहा इंच. उरले ७४. सगळ्यांत खालचा कप्पा ए-फोरसाठी. पुठ्ठ्यासह बारा इंच उंची धरून तो तेराचा ठेवू. त्याच्या वरचा दिवाळी अंकांचा. पावणेदहा इंचांचा अंक बांधलेला असला तरी अकरात बसेल. राहिले पन्नास इंच, त्यांचे दहा-दहाचे पाच कप्पे झाले. पुठ्ठ्याचं डेमी पुस्तक पावणेनऊ, त्यावर सव्वा इंच मोकळं. बोट आरामात जातं.

प्रत्येक कप्प्याला तिन्ही खण मिळून ६९ इंच, म्हणजे पावणेसहा फूट फळी मिळते. सात कप्प्यांची झाली चाळीस फुटांहून थोडी जास्त. २९ फूट पुस्तकं लावल्यावर अकरा फूट शिल्लक राहतात, आणि ती योग्य ठिकाणी राहतात: डेमीकडे पावणेसात, दिवाळी अंकांकडे पावणेदोन, मोठ्या पुस्तकांकडे पावणेतीन. हीच भिंत सुताराच्या सवयीने पाच समान कप्प्यांत वाटली असती, तर फळी पावणेएकोणतीस फूट मिळाली असती. म्हणजे कपाट पहिल्याच दिवशी भरलं असतं आणि तीन इंच पुस्तकं हातात राहिली असती.

प्लायचा हिशेबही इथेच करून टाकू. साडेनऊ इंच रुंदीच्या, आठ फूट लांबीच्या पट्ट्या घेतल्या. सात फुटी उभ्या फळ्या चार, त्यांना चार पट्ट्या. तेवीस इंचांच्या आडव्या फळ्या चोवीस. एका पट्टीतून चार निघतात, म्हणून सहा पट्ट्या. एकूण दहा पट्ट्या, म्हणजे बरोबर दोन ताव. पाठीमागचा पातळ प्लाय आणि पायाची पट्टी वेगळी. पंधरा इंच खोलीचं, पाच कप्प्यांचं, कमी पुस्तकं मावणारं कपाट मात्र तीन ताव खातं. जास्त पैसे देऊन कमी जागा घ्यायची ही रीत घरोघर चालू आहे.

एक बारकावा सनमायकाचा. फळीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरचा सनमायका लागला की आठ फळ्यांमध्ये मिळून अर्ध्या इंचाहून जास्त उंची जाते. दहाचे कप्पे पावणेदहाच्या जवळ येऊन थांबतात. डेमीला चालतं, पण पुठ्ठ्याचे रॉयल खंड मग या कप्प्यांत बसवू नयेत; त्यांची जागा अकराच्या कप्प्यात. म्हणून सुताराला कागदावर लिहून देताना "आतून मोकळी उंची" असं लिहावं. फळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेली उंची आणि आतली मोकळी उंची यांत पाऊण इंचाचा फरक पडतो, आणि तेवढ्यानेच पुस्तक अडतं.

आता फळीच्या लांबीचं. कागद जड असतो. साध्या कागदावर छापलेली डेमी पुस्तकं फूटभर फळीवर सहा-सात किलो भरतात. गुळगुळीत आर्ट पेपरवरची मोठी चित्रांची पुस्तकं फुटाला पंधरा-वीस किलोपर्यंत जातात, म्हणूनही ती सगळ्यांत खाली हवीत. हे वजन दिवसरात्र, वर्षानुवर्षं तसंच राहतं. लाकडी फळी आधी थोडी वाकते आणि मग त्याच वजनाखाली हळूहळू आणखी वाकत जाते.

वाकण्याचं गणित लांबीच्या बाबतीत फार निष्ठुर आहे. फळी सारखीच भरलेली असेल, तर वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली की लांबी दीडपट होते, पण वाक पाचपट होतो. पाऊण इंची चांगल्या प्लायची तीन फुटी फळी डेमी पुस्तकांनी भरली, तर सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर वाकते आणि काही वर्षांत त्याच्या दुपटीवर जाते. तीच फळी लाकडाच्या भुश्श्याच्या पार्टिकल बोर्डाची असेल, तर वाक सुमारे तिप्पट होतो. तयार फर्निचरच्या दुकानातली रुंद कपाटं दोन पावसाळ्यांत झोळी होतात, त्याचं कारण हेच. दोन फुटी प्लायच्या फळीचा वाक मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. तो डोळ्याला दिसत नाही. सहा फुटांत दोनऐवजी तीन खण घेतले ते यासाठी. आपल्या घरातली फळी वाकली आहे का हे बघायचं असेल, तर दोन टोकांना धरून शिवणाचा दोरा ताणावा. मध्यभागी दोरा आणि फळी यांच्यात दिसणारी फट म्हणजे वाक.

लांब फळीच हवी असेल किंवा आधीच करून झाली असेल, तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी ग्लू आणि स्क्रूने उभी बसवावी. वाक निम्म्याहून कमी होतो. मात्र ही पट्टी फळीच्या खाली पाऊण इंच उतरते आणि नेमकी त्याच तोंडाशी पुस्तक आत जातं. अशा कप्प्याची मोकळी उंची पट्टीच्या खालून मोजावी.

फळ्या कायमच्या ठोकाव्यात की पिनांवर टेकवून हलत्या ठेवाव्यात, याबद्दल मतं वेगळी आहेत. मी मधला मार्ग सुचवेन. खालची, वरची आणि मधली एक फळी पक्की असावी, म्हणजे सात फुटी उभ्या फळ्या बाहेर फाकणार नाहीत. बाकीच्या पिनांवर असाव्यात. पिनांची भोकं सव्वा-सव्वा इंचावर पुरतात. भोकं पाडायला सुताराने एकच नमुनापट्टी वापरली आहे ना, हे बघून घ्यावं. डाव्या-उजव्या भोकांत दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी फळी चार पिनांऐवजी तिनांवर टेकते आणि डुगडुगते.

साडेनऊ इंच खोल आणि सात फूट उंच कपाट स्वतःच्या पायावर भरवशाने उभं राहत नाही. ते वरच्या बाजूला दोन ठिकाणी लोखंडी एल पट्टीने भिंतीला पक्कं केलंच पाहिजे. लहान मूल फळ्यांवर पाय देऊन चढतं, त्या वेळी कपाटाला धरून ठेवणारी दुसरी कुठलीच गोष्ट नसते. भिंत पोकळ विटांची किंवा जिप्समची असेल, तर साध्या प्लगवर विसंबू नये.

या हिशेबात न बसणारी एक वस्तू मराठी घरात हमखास असते, ती म्हणजे पोथी. आडवी, सुटी पानं, कापडात बांधलेली. ती उभी ठेवायची नसतेच. रुंद पोथी साडेनऊच्या खोलीत आडवी ठेवली, तर तिची लांब बाजू फळीच्या दिशेने येते आणि ती आरामात बसते. तिच्यासाठी वरच्या कुठल्याही कप्प्यात एक खण द्यावा. दहा इंच उंचीत दोन-तीन पोथ्या एकावर एक राहतात, त्याहून जास्त रचू नयेत.

आणि ज्यांच्या घरी सोळा इंच खोल, पंधरा इंच उंच कप्प्यांचं कपाट आधीच उभं आहे, त्यांनी ते मोडायची गरज नाही. मागच्या अर्ध्या भागात चार इंच उंचीचा लाकडी ओटा ठेवावा, साधारण साडेसात इंच खोल. ओट्यावर पुठ्ठ्याचं डेमी पुस्तक ठेवलं, तर एकूण पावणेतेरा इंच होतात. वर बोटाला जागा उरते. पुढे जमिनीसपाट दुसरी रांग लावावी. मागच्या पुस्तकांचे कणे वरून चार इंच दिसतात आणि बहुतेक नावं वाचता येतात. वजन मात्र दुप्पट होतं. असं कपाट तीन फुटी खणांचं असेल, तर प्रत्येक फळीखाली मध्यभागी एक उभा आधार द्यायला विसरू नका.

तेव्हा सुतार येण्याच्या आदल्या दिवशी टेप घ्या, पुस्तकं तीन ओळींत लावा आणि एका कागदावर चारच गोष्टी लिहून ठेवा: आतली खोली साडेनऊ इंच, खणाची रुंदी दोन फुटांच्या आत, प्रत्येक कप्प्याची आतून मोकळी उंची, आणि खाली चार इंचांचा पाया. तो कागद सुताराच्या हातात द्या आणि प्लाय कापायच्या आधी त्याच्याकडून मापं मोठ्याने वाचून घ्या.